फिरतीवरचे ब्लाउजपीस

फॅशन डिझाइनच्या कॉलेजात अर्ज करताना कपड्यापेक्षा कागद जड असतो, हे दौंडच्या भाग्यश्रीला जरा उशिराच कळलं. पाच कपडे शिवून तयार होते. त्यांचे फोटो, कच्ची रेखाटनं, कापडाचे नमुने असं सगळं पोर्टफोलिओत चिकटवून झालं होतं. अडलं होतं ते तीनशे शब्दांचं निवेदन. विषय 'जुन्या कापडाचा पुनर्वापर'. कापड कुठून आणलं, आधी कुणी कसं वापरलं, तुम्ही त्याचं काय केलं, वाया किती गेलं, हे सगळं त्यात सांगायचं होतं. जागा तीस, अर्ज बाराशे. आणि घरातला ठराव असा की यंदा नंबर लागला नाही तर शिक्रापूरच्या कंपनीत पॅकिंगला जायचं.

कापड कुठून आणलं, याचं खरं उत्तर लिहायची तिला लाज वाटत होती. ते वरवंडच्या सुरेखाआत्याच्या ट्रंकेतून आलं होतं, आणि ते जुनं नव्हतंच. सगळे आहेराचे ब्लाउजपीस.

आता आहेराचा ब्लाउजपीस शिवायचा नसतो, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तो पुढे द्यायचा असतो. बारशाला आला की घरभरणीला जातो, घरभरणीतून लग्नाला. दौंडहून निघालेला पीस शिरूर, शिक्रापूर फिरून तीन वर्षांनी मालकिणीकडे परत येतो, आणि ती म्हणते, कुठंतरी बघितल्यासारखा वाटतोय गं. ज्या घरातून आला तिथंच उलटा जाऊ नये म्हणून बायका त्याच्या काठावर बॉलपेननं बारीक नाव लिहून ठेवतात. आत्याकडे एक पोपटी पीस होता. त्यानं एसटीच्या कंडक्टरपेक्षा जास्त गावं बघितली होती.

आत्यानं सव्वीस पीस दिले, पण अट घालून. "एक बी कापायचा न्हाई. वीस तारखेला माझ्या सम्राटचं लगीन हाय. आहेराला मला परत पायजेत."

"आत्या, न कापता कपडे शिवू कसे?"

"ते तू बघ की! त्याच्याच साळंत जायचंय ना तुला?"

मग पोरीनं डोकं चालवलं. आधी प्रत्येक पिसाचा एकेक धागा ओढून जाळून बघितला. कागदासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. सुती अंगाला लागेल तिथं, पॉलिस्टर बाहेरच्या घोळाला. मग पूर्ण चौकोन जसाच्या तसा घेतला. पाठीला एक, पुढे दोन, बाहीला एकेक दुमडून. मापापेक्षा जास्त झालं ते कात्रीनं न काढता चुण्यांत दाबलं. काठाला काठ लावून लांब टाक्यांचा धावदोरा घातला, तोही बारीक सुईनं, म्हणजे भोकं राहायची नाहीत. मशीन नाही, बटण नाही, चेन नाही. बंद बांधायला पिसाचीच टोकं. दोऱ्याचं एक टोक ओढलं की अख्खं जॅकेट पुन्हा चौकोनांचा गठ्ठा.

हे सगळं सोडून तिनं निवेदनात लिहिलं काय, तर 'कापड जुने आहे.' एवढं वाक्य लिहून ती बसली. तेवढ्यात आबा आले. कोंडिबा आबा, तिचे आजोबा, रेल्वेतले निवृत्त गँगमन. एकदा मालगाडी रुळावरून घसरत असताना ती आपण खांद्यानं परत सरळ केली, असं ते सांगतात. गाडीचे डबे दर वर्षी वाढतात.

"असलं अळणी वाचून कोण घेईल तुला?" आबा म्हणाले. "मीठ घाल. लिही, ह्यो कपडा चाळीस वर्सं बायांच्या अंगावर घामानं भिजला. ऊस तोडताना, दगड फोडताना."

"आबा, खोटं हाय ते."

"खोटं कसं? बाया घामानं भिजल्या का न्हाई? कपडा तर कपडाच!"

लाज झाकायला तेच बरं पडलं. दोनशे चाळीस शब्द आबांचे झाले, साठ तिचे.

सतरा तारखेला दोघं सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. आत मुलाखत घ्यायला तिघं, मध्ये पूनम मॅडम. त्यांनी निवेदन मोठ्यानं वाचलं, चष्मा वर केला, जॅकेट उचलून उजेडाला धरलं आणि काखेत बोट फिरवलं.

"चाळीस वर्षं घाम?"

"हो."

"मग डाग कुठाय? काखेत रंग उडतो, शिवणीपाशी कापड विरतं. इथं घडीची रेघ अजून धारदार आहे. दुकानातली खळसुद्धा गेलेली नाही. हे कापड एकदाही धुतलेलं नाही, भाग्यश्री. नवं कापड घेऊन जुनं म्हणतेस?"

भाग्यश्रीचे कान तापले. दाराबाहेर बसवलेले आबा न राहवून आत आले. "मॅडम, त्याचं असं हाय, आमच्या बाया घामातच खळ घालत्यात..."

"आबा, गप बसा." ती पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. मग मॅडमकडे वळून एका दमात सगळं सांगून टाकलं. आत्या, ट्रंक, फिरता आहेर, वीस तारीख. जॅकेटचा काठ उलटून बॉलपेनची नावं दाखवली: पोपटराव दौंड, सारिका शिक्रापूर, खोडून पुन्हा सारिका.

मॅडम काठ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे सव्वीस पीस फिरत होते म्हणून सव्वीस नवे विकत आणावे लागले नाहीत. आणि तू ते शिवून टाकलेस. आता तुझ्या आत्या बाजारात जाणार. मग पर्यावरणाचं भलं कुणी केलं, तू की आत्यानं?"

"आत्यानं," भाग्यश्री म्हणाली. "म्हणून तर परत द्यायचेत."

"शिवलेले?"

तिनं जॅकेट टेबलावर उलटं पसरलं, बाहीच्या दोऱ्याचं टोक नखानं धरलं आणि ओढलं. धावदोरा सुर्रकन निघत आला. बाही गळाली, पाठ सुटली, चुण्या मोकळ्या झाल्या. अकरा मिनिटांत टेबलावर पाच चौकोन आणि रिळावर गुंडाळलेला दोरा. मॅडमनी एक पीस खिडकीपाशी नेला. टाक्यांची भोकं बारीक दिसत होती. पाण्याचा हात लावून ओढल्यावर तीही मिटली.

"हे निवेदनात का नाही?"

"लाज वाटली. उसनं कापड होतं."

"तेच तर लिहायचं होतं. बाहेर बस. वीस मिनिटं देते."

व्हरांड्यात आबांच्या गुडघ्यावर फाइल ठेवून तिनं लिहिलं: 'माझा संग्रह उसन्या कापडाचा आहे. ते कुणी कधी घातलेलं नाही, पण अनेक घरांनी वापरलं आहे, देण्यासाठी. वापराला अडथळा येऊ नये म्हणून मी काहीच कापलं नाही. दोरा नवा आहे. हे कपडे चार दिवस कपडे असतात, मग पुन्हा आहेर होतात.' तीनशेची मर्यादा होती, तिचं एकशे दहात संपलं. शेवटचा रकाना राहिला, 'वाया गेलेले'.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

आबांनी रकान्यावर बोट ठेवलं. "माझे दोनशे चाळीस शब्द," ते म्हणाले.

तिनं तेच लिहिलं.

बाराशेतून तीस निवडले, त्यात तिचं नाव एकोणिसावं होतं. आबा दौंड स्टेशनावर सगळ्यांना सांगतात की पहिलं होतं, आणि मॅडम ढसाढसा रडल्या. भाग्यश्री शेजारीच उभी असते. खोडून काढत नाही.