चादर आणि स्टूल

वन्सं सासर सोडून कायमच्या माहेरी आल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. वन्सं म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याची थोरली बहीण. आल्या त्या एक ट्रंक आणि बंद तोंड घेऊन. दोन महिने झाले तरी बाई खिडकीशीच बसून असायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हिला तुझ्या कारखान्यात ने. हिचा हात लहानपणापासून चित्राचा आहे."

कारखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे चित्रपटासाठी हलती चित्रं काढत. टेबलांना खालून दिवे, त्यांवर काच, काचेवर कागद. खालचं चित्र वरच्या कागदातून दिसायचं. कागद सरकू नये म्हणून टेबलाच्या कडेला खुंट्या. सूनबाईची तिथे अकरा वर्षं झाली होती. वन्संना सगळं तिनेच शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. घरात जिच्या पुढे मान खाली, तिला इथे "असं नाही, वन्सं, परत काढा" म्हणता येतं, याचं सुख काही थोडंथोडकं नव्हतं.

ते सुख फार दिवस टिकलं नाही.

सूनबाईची काम करायची रीत ठरलेली. आधी प्रसंगातल्या मुख्य पोझ काढायच्या, प्रत्येक पोझ कितव्या चित्राला येणार ते लिहायचं, मग मधली चित्रं भरायची. घर बांधताना आधी खांब, मग भिंती, तसं. वन्संना ते जमायचं, पण मानवायचं नाही. त्या पहिलं चित्र काढायच्या, त्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. "पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असलं, की मला काढावंसंच वाटत नाही गं," असं म्हणायच्या. त्यांनी काढलेली आग अशी लवलवायची, की दिग्दर्शक गळ्यातलं स्टॉपवॉच धरून बघतच राहायचा. त्याच्या पाठीमागे सगळे त्याला 'घड्याळ' म्हणत. घड्याळ कुणाची स्तुती करत नसे. वन्संची केली. सूनबाईने तासलेलीच पेन्सिल परत तासली.

उत्तरेच्या खिडकीजवळचं टेबल तेव्हा रिकामं झालं होतं. तिथे दिवसभर सारखा उजेड असायचा, आणि तिथे बसेल तो मुख्य चित्रकार. घड्याळाने जाहीर केलं, "म्हातारीचा प्रसंग जो नीट काढेल, त्याचं टेबल."

प्रसंग साधा होता. म्हातारी दोरीवरची चादर काढते, वारा ती ओढून नेतो, म्हातारी मागे धावते, कोपरा पकडते आणि दमून स्टुलावर बसते. सगळं सहा सेकंदांत. स्टूल मागच्या रंगवलेल्या चित्रातलं, त्यामुळे तसूभरही हलणार नव्हतं.

"मी पण करून बघू?" वन्संनी विचारलं.

"बघा की," सूनबाई म्हणाली. "तुम्हाला कोण नाही म्हणणार? घरीही कोणी म्हणत नाही."

सूनबाईने पाच पोझ ठरवल्या आणि मधली चित्रं भरली. वन्सं पहिल्या चित्रापासून सुटल्या त्या सुटल्याच. कागदांचा गठ्ठा चाळून बघताना त्या एकट्याच हसायच्या. ते हसू सूनबाईच्या कानात डासासारखं गुणगुणायचं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले, तेव्हा सूनबाई मागे राहिली. वन्संच्या टेबलाशी जाऊन तिने त्यांचं पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र एकावर एक ठेवून दिवा लावला. बघते तर काय, म्हातारी फुगली होती! एकावरून दुसरं काढताना दर वेळी केसभर वाढत गेली होती. शेवटच्या चित्रात डोकं सुरुवातीच्या दीडपट. शिवाय धावण्यातच जवळजवळ सगळा वेळ गेला होता; बसायला ती नुसती वळली होती आणि स्टूल अजून वीतभर लांब होतं.

आता वन्संना सांगणं तिचं काम होतं. गुरूच ती. पण तिने दिवा विझवला, कागद घाईघाईने गठ्ठ्यात सारले आणि खाली जाऊन डबा उघडला. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

चित्रं फिल्मवर घेऊन पडद्यावर चाचणी झाली, तेव्हा आधी सूनबाईचा प्रसंग लागला. म्हातारी वेळेवर धावली, वेळेवर थांबली, स्टुलावर बरोबर बसली. कोणी हसलं नाही.

"चूक काहीच नाही," घड्याळ म्हणाला. "पण चादर आहे की पत्रा?"

मग वन्संचा लागला. चादर फडफडली, म्हातारीच्या तोंडावर बसली, निसटली, परत आली. खोली हसून लोटपोट. म्हातारी मोठी मोठी होत हवेतच संपली, तेव्हा तर जास्तच हसले. वन्संचा चेहरा मात्र उतरला.

"म्हातारीला वारा भरला," घड्याळ म्हणाला. "स्टूलही सापडलं नाही. पण चादर जिवंत आहे. दोघींनी मिळून करा. टेबलाचं नंतर बघू."

परत येताना जिन्यात वन्सं म्हणाल्या, "तुला दिसलं होतं ना गं? माझे कागद उलटे लागलेले होते."

सूनबाई पायऱ्यांकडे बघत चढत राहिली.

"तुझ्या जागी मी असते, तर मीही नसतं सांगितलं," वन्सं म्हणाल्या. "चल, कागद काढ."

दुसऱ्या दिवशी सूनबाईने चादर बाजूला ठेवून नुसत्या म्हातारीच्या मुख्य पोझ काढल्या. प्रत्येकीत डोकं मोजून तेवढंच. मधली जागा कोरी सोडली. "या पोझपासून निघायचं आणि इथे पोचायचं. मध्ये कसं जायचं ते तुमचं. पण पुढची पोझ खाली ठेवूनच काढा, म्हणजे फुगणार नाही." आणि म्हातारी पुरी झाल्यावर चादर वेगळ्या कागदावर, वरून, पहिल्यापासून सरळ काढत जायची. तिला आधी ठरवून काही नाही. वारा कुठे ठरवून वाहतो?

काम असं चाललं, की सूनबाईला रागच आला. इतकं सोपं होतं तर!

अडलं ते शेवटाशी. सूनबाईची म्हातारी धप्पकन बसायची. वन्संच्या जुन्या गठ्ठ्यात, अगदी शेवटच्या कागदांवर, ती फुगलेली म्हातारी बसण्याआधी एक हात मागे नेऊन स्टूल चाचपायला लागली होती. सूनबाई त्या चित्राकडे बघत राहिली. सासूबाई अशाच बसतात. अकरा वर्षं ती त्यांना ताट वाढत होती आणि तिला ते दिसलं नव्हतं.

"हे तुम्ही ठरवून काढलंत?"

"छे! हात तिकडे गेला."

सूनबाईने ओठ चावला. धावण्यातली आपली एक पोझ, सगळ्यांत देखणी, तिने खोडली आणि वाचलेला वेळ त्या हाताला दिला. मग तो हात मापात बसवून मुख्य पोझ म्हणून नक्की केला.

प्रसंग पास झाला. घड्याळाने खिडकीचं टेबल वन्संना दिलं. "म्हातारीचा जीव त्यांचा आहे," म्हणाला. सूनबाईने स्वतः त्यांच्या पेन्सिली उचलून तिकडे नेऊन ठेवल्या. एकीचं टोक वाटेत मोडलं. ते आपोआप मोडलं, असं तिचं म्हणणं.

चित्रपट लागला तेव्हा दोघी सासूबाईंना घेऊन गेल्या. चादर उडाली तसं अख्खं थिएटर हसलं. वन्संनी आईचा हात दाबला. सूनबाई अंधारात समोर बघत बसली, कोणी तिच्याकडे बघत नव्हतंच.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चादर छान होती हो. पण माझा जीव त्या स्टुलात अडकला होता. म्हटलं, आता ही पडते! बरोबर बसली, बाई. तिथे कोणाचा हात होता?"

"हिचा," वन्सं म्हणाल्या.

"दोघींचा," सूनबाई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला वाटलं, नुसतं 'माझा' म्हणायला काय झालं होतं?

सासूबाई त्याच वर्षी, थंडी संपता संपता, सकाळच्या वेळी वारल्या. हात मागे नेऊन स्टूल चाचपायची त्यांची रीत तेवढी पडद्यावर राहिली.