श्रेय चुकलेलं सूत्र

तिचा पीएचडीचा प्रबंध जमा झाला होता, पेढे वाटून झाले होते, आणि आता त्यात चूक निघाली होती.

तोंडी परीक्षेची तयारी करताना मातीतल्या ओलाव्याचं ते सूत्र तिला एका जुन्या लेखात सापडलं. चिन्हंसुद्धा तीच. लेख होता तिच्या समितीवरच्या बाहेरच्या परीक्षक बाईंचा. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मात्र ते सूत्र तिने सरांच्या नावावर टाकलं होतं, कारण ते तिने सरांच्याच लेखातून उचललं होतं. तिथे खाली कुणाचाच संदर्भ नव्हता. सर तिचे मार्गदर्शक. त्यांच्या लेखाचं मूळ शोधावं असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. गाढवपणा, दुसरं काय!

"अगं, संदर्भ वाचतं कोण?" ताई म्हणाली. "गप्प बस आणि पदवी घे."

"ज्यांचं सूत्र आहे त्याच वाचणारेत, ताई."

ताईचा चेहरा उतरला. चोरी ठरली तर इतक्या वर्षांच्या कामावर पाणी. आणि खरं लिहिलं तर सर गोत्यात. समितीकडे काहीही पाठवायचं तर सरांच्या सहीनेच जायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने पत्र लिहिलं. काय चुकलं, कोणत्या पानांवर, चूक कशी लक्षात आली. आकडेमोड आणि निष्कर्ष बदलत नाहीत. मूळ लेखाचा संदर्भ घातलेली पानं आणि शुद्धिपत्र सोबत जोडलं आहे, ते स्वीकारायची परवानगी द्यावी. चूक का झाली, तर एवढंच लिहिलं: 'मी मूळ लेख पाहिला नव्हता.' सरांच्या लेखाबद्दल अवाक्षर नाही. ती कातडी वाचवत होती, फक्त कुणाची ते तिलाही सांगता आलं नसतं.

सरांच्या खोलीत पंखा उगाच कुरकुरत होता. सरांनी पत्र वाचलं, तिने सोबत आणलेला जुना लेख उघडला. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आता सर हे पत्र फाडणार, तिला वाटलं.

"हा लेख मी वाचलेला आहे," सर म्हणाले. "विद्यार्थी असताना. टिपणं काढली होती. कुणाची ते लिहून ठेवलं नाही."

त्यांनी तिचं पत्र पुन्हा पुढे ओढलं.

"तू सूत्र कुठून घेतलंस, ते यात का नाही?"

"सर, ते... मला भीती वाटली."

"मलाही वाटतेय."

त्यांनी पेन काढलं. तिच्या वाक्यापुढे स्वतःच्या लेखाचं नाव, वर्ष लिहिलं. पुढे लिहिलं, 'या लेखातही मूळ संदर्भ दिलेला नाही. ती चूक माझी, मार्गदर्शकाची.' अक्षर वेडंवाकडं आलं. खाली सही केली आणि कागद तिच्या हातात कोंबला.

"टाइप करून आण, मी परत सही करतो. आणि पळ लवकर, नाहीतर माझा विचार बदलेल."

ती खरंच पळाली.