साडेतीनची गोळी

आमच्या मोरिवलीत घड्याळ नसलं तरी चालतं, कारखान्याचा भोंगा आहे. सातला एकदा वाजतो, साडेतीनला पाळी सुटते तेव्हा पुन्हा वाजतो. मी सत्तावीस वर्षं त्या भोंग्यावर डबे भरले, पोरं शाळेत पिटाळली, पॅकिंगच्या टेबलापाशी उभी राहिले. कामावरून निवृत्त झाले तरी भोंगा काही सुटला नाही. साडेतीनला तो वाजला की माझा हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जातो.

म्हणून सुनेच्या, प्रीतीच्या गोळ्याही मी भोंग्याला बांधून टाकल्या. पाचव्या महिन्यात तिचं रक्त आठ पॉइंट दोन निघालं आणि दवाखान्यातून रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळाल्या. शिवाय हाडांसाठी कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या. पोरगी विसराळू. सकाळी घेते म्हणायची, दुपारी घेते म्हणायची. मी म्हटलं, माझ्या हातून घ्यायच्या, भोंगा वाजला की. दुधाचा घट्ट चहा, दोन बिस्किटं, एक लाल, एक पांढरी. एकदम घेतल्या की विसरायची भानगड नाही. एक दिवस चुकला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

आणि महिन्यानं पुन्हा तपासलं तर आठ पॉइंट एक.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला. थॅलेसेमियाची तपासणी आधीच झाली होती, त्यात काही नव्हतं. जंताची गोळीही देऊन झाली होती. त्या म्हणाल्या, "अजून एक महिना बघू. वर गेलं नाही तर शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि बाळंतपण मोठ्या इस्पितळात, रक्ताची सोय करून ठेवून. एवढ्या कमी रक्तावर जास्त रक्तस्राव झाला तर बाईला झेपत नाही."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. सात वर्षांपूर्वी माझी लेक वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. रक्तस्राव झाला आणि गेली. बाळ वाचलं, ते तिच्या सासरी आहे. मला तेव्हाही हेच सांगितलं होतं, अंगात रक्तच नव्हतं, झेपलं नाही.

घाबरले की मी चिडते. माझा स्वभावच मेला तसा. रिक्षात बसल्याबसल्या मी प्रीतीला विचारलं, "खरं सांग, गोळ्या थुंकतेस ना तू?"

"आई, तुमच्यासमोर तर घेते."

"जिभेखाली ठेवत असशील. मोरीत जाऊन टाकत असशील."

तिनं तोंड रिक्षाबाहेर वळवलं. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी तिला गोळ्या दिल्या, चहा प्यायला लावला आणि म्हटलं, आ कर. तिनं तोंड उघडलं. मी जीभ वर करायला लावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. असं चार दिवस. पाचव्या दिवशी ती कपबशी आपटून उठली.

"गोळ्या पोटात जात नसत्या तर संडास काळी झाली असती का? पोट गच्च झालंय महिनाभर. येऊन बघा पाहिजे तर." मग ती रडायलाच लागली. "मला काय मरायचंय का, आई?"

माझा मुलगा महेंद्र संध्याकाळी कामावरून आला आणि दोघींची तोंडं दोन भिंतींकडे वळलेली बघून घाबरला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरगी खोटं बोलत नव्हती. मग गोळ्या जातात कुठे?

सकाळी मीच तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई नव्हत्या, रुचिका सिस्टर होत्या. जयभीम करून मी सांगितलं, गोळ्या बदलून द्या, या खोट्या आहेत. सिस्टरनी पाकीट बघितलं, तारीख बघितली.

"गोळ्या चांगल्या आहेत, मावशी. कधी घेते ती?"

"साडेतीनला. भोंग्याबरोबर."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर. दुधाचा, घट्ट. रिकाम्या पोटी मळमळतं ना तिला. पांढरी गोळीही तेव्हाच देते." मी हे ताठ मानेनं सांगितलं. शाबासकीच मिळेल असं वाटत होतं.

सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी, चहा त्या लाल गोळीतलं लोह पोटातच धरून ठेवतो. अंगाला लागू देत नाही. दूध तेच करतं, पांढरी गोळीही तेच करते. तुम्ही तिघांना एकदम पाठवता. म्हणून तर संडास काळी होते, लोह बाहेर पडतंय."

मग त्यांनी नीट समजावलं. लाल गोळी अकराला, नाश्ता-चहा होऊन दोन तास झाल्यावर, लिंबूपाण्याबरोबर. लिंबातलं, आवळ्यातलं क जीवनसत्त्व लोह अंगात शिरायला मदत करतं. पुढे तासभर तरी काही नको, चहा-दूध तर नकोच. फारच मळमळलं तर भाकरीचा तुकडा खायचा, पण दूध नाही. पांढरी गोळी रात्री जेवणानंतर. पोट गच्च होतं त्याला पाणी आणि पालेभाजी. चहा सोडायला नको, गोळीपासून लांब ठेवायचा.

प्रीती सगळं ऐकत होती. मी फक्त "तुम्ही तिघांना एकदम पाठवता" एवढंच ऐकत होते.

अकराला कुठलाच भोंगा नसतो. मी साडेदहापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे. लिंबू पिळायचं, साखर-मीठ घालायचं, गोळी तळहातावर ठेवायची. आ कर म्हणायची हिंमत आता नव्हती. मी चहा सोडून दिला. कुणी विचारलं तर सांगायचे, पित्त झालंय. साडेतीनला भोंगा वाजायचा आणि हात पातेल्याकडे निघाला की मी तो मांडीखाली दाबून बसायचे. भीती वाटायची. रोज, सकाळपासून. प्रीती नखं कापायला बसली तरी मी ती गुलाबी आहेत की पांढरी ते बघायचे.

महिन्यानं रक्त दिलं. कागद मिळायला दुपार झाली. बाकावर बसून मी प्रीतीचा हात धरला होता, तिनं सोडवून घेतला नाही. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं.

"नऊ पॉइंट सहा. छान चाललंय. हेच चालू ठेवा. बाळंत होईपर्यंत अजून चढायला वेळ आहे. इंजेक्शनं नकोत आता."

घरी आलो तेव्हा भोंगा वाजत होता. मी खाली बसले. प्रीतीनं पातेलं चढवलं, आलं ठेचलं आणि कप माझ्यापुढे ठेवला.

"घ्या आई. माझी गोळी अकराला झाली. आणि तुम्हाला पित्तबित्त काही नाही, माहितीये मला."

मी कप उचलला आणि तोंडाशी नेववेना.

"वैष्णवीलाही मी अशाच देत होते," मी म्हटलं. "रोज साडेतीनला. ह्याच कपातून. एक दिवस चुकला नाही."

प्रीती अवघडून, भिंतीला धरत माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"त्यांना कुणी सांगितलं नाही ना, आई. तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं."

भोंगा थांबला होता. तिनं माझ्या हातातला कप घेतला, बशीत थोडा चहा ओतला आणि बशी माझ्या ओठांशी धरली. लहान पोराला म्हणावं तसं म्हणाली, आ करा.