भागवतरावांचं थकलेलं बिल

तिसरं स्मरणपत्रही निष्फळ गेलं आणि माझं डोकं फिरलं. नगरच्या एमआयडीसीत आमचं स्टीलच्या टाक्यांचं छोटं वर्कशॉप. पाथर्डीच्या भागवतरावांना दूध थंड करायची टाकी करून दिली, त्याचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार चार महिने अडकलेले; माझे फोनही ते उचलत नव्हते. शनिवारी पगार आणि खात्यात खडखडाट!

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चेक हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही. ते तीनदा पाथर्डीला जाऊन आले आणि तिन्ही वेळा म्हणाले, "भागवत भेटलाच नाही गं." माझ्या म्हाताऱ्याला एसटीत हेलपाटे घालायला लावतो म्हणजे काय! शिव्या गिळल्या आणि मेसेज टाकला:

"नमस्कार भागवतराव. बिल क्रमांक ११२ ची मुदत संपून चार महिने झाले. उद्या अकरा वाजता फोनवर दहा मिनिटं द्यावीत, पैसे कोणत्या तारखेला देणार ते नक्की करू. ही वेळ जमत नसेल तर आपली कळवा, पण बोलणं उद्याच व्हायला हवं. आपले संबंध जुने आहेत, ते तसेच राहावेत. माधुरी."

अकराला त्यांचाच फोन आला.

"ताई, चेक पयल्या महिन्यातच लिवलाय."

"मग आबांना भेटत का नाही तुम्ही?"

"भेटलो की. तिन्ही बारीला आबा माझ्यासमोर बसले हुते. पयल्यांदा चेक टेबलावरच इसरले. मी मागं पळालो, तवर एसटी गेल्ती. दुसऱ्यांदा कशाला आलोय तेच त्यांना सांगता येईना, मग चेक हातात द्यायचा धीर झाला न्हाई. तिसऱ्यांदा मला इचारलं, तुमी कोण?"

मी हातातलं बिल टेबलावर उलटं ठेवलं.

"दुसऱ्या बारीलाच थेट खात्यावर टाकतो म्हणलं तर रडले वो. म्हणले, पोरीला कळलं तर घरी बसवंल मला. शपथ घातली. म्हणून तुमचा फोन उचलत नव्हतो. काय बोलणार हुतो?"

आणि मी त्या माणसाला लबाड ठरवून बसले होते.

"आता टाकू का खात्यावर?"

नको म्हणावंसं वाटलं. पण शनिवार तोंडावर होता. "टाका," मी म्हणाले.

बँकेचा मेसेज आबांच्या मोबाईलवर येतो, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. अर्ध्या तासानं ते आत आले. मोबाईल त्यांनी माझ्यापुढे धरला.

"भागवतनं सांगितलं व्हय तुला?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. आबांनी खिशातून वर्कशॉपच्या किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"शटर रोज जरा वर उचलून लाव," ते म्हणाले. "डावीकडून अडतंय."