गुरुवारची कंची रात?

माझं त्वांड लय वाईट हाय, ह्ये मला माह्यारापास्नं ऐकायची सवं हाय. पर शहात्तर सालच्या उन्हाळ्यात त्या तोंडानंच माझी हळद वाचवली, त्ये मात्र कुणी सांगत न्हाई. म्हणून मीच सांगती.

मालक आकाराम पलटणीत. दोन एकर रान माझ्या जिवावर. अक्षयतृतीयेला मी वीस गुंठ्यात हळद लावली. बेणं माझ्या आईनं सांगलीकडनं यष्टीच्या टपावर टाकून धाडलेलं. मालकांनी पत्रात लिवलं हुतं, "जूनमदी रजा मिळतीया. उगवलेली हळद बघाय येतो." आन वर मे महिन्याचं ऊन असं, की दोन पाणी चुकली तर बेणं मातीतच वाळून जाईल.

पाणी कृष्णेचं. गावाची पाणीपुरवठा संस्था हाय, नदीवर मोटर. संस्थेचे सेक्रेटरी म्हंजी माझे थोरले दाजी, थोरल्या भैनीचे मालक, नाथाजी. पलटणीतनं हवालदार म्हणून रिटायर झालं, आन आल्या आल्या गावाला शिस्त लावाय लागलं. आदी पाळी कशी ठरायची? "चांदणी उगवली की तुझं, तांबडं फुटलं की माझं." दाजी म्हणालं, ह्ये गबाळं बंद. चिठ्ठी मिळंल, चिठ्ठीवर वार, तारीख, टाइम. गावानं माना डोलावल्या, कारण दाजींच्या मिशीफुडं मान हलवत न्हाई असं कोण हाय?

मंगळवारी सकाळी देवळाच्या कट्ट्यावर चिठ्ठ्या वाटल्या. दाजींनी सांगितलं, "मोटरीचं वायंडिंग जळाय आलंय. गुरुवारी रात्री बाराला मोटर बंद. शुक्रवारी सकाळी ट्रकनं सांगलीला. धा दिस तरी पाणी न्हाई."

मी चिठ्ठी बघितली. 'अंबूबाई. गुरुवार ता. २०. रात्री १२ ते दुपारी १२.'

"दाजी," मी म्हणाले, "गुरुवारची कंची रात?"

"म्हंजी?"

"गुरुवार उजाडायच्या आदीची, का मावळल्यावरची?"

सगळा कट्टा हसला. म्हातारा तात्याबा म्हणाला, "ए पोरी, गुरुवारला राती असत्यात तरी किती?"

"दोन," मी म्हणाले. "मोजा की."

दाजी कपाळाला हात लावून म्हणालं, "अंबू, तुला सरळ चिठ्ठी दिली तरी वाकडंच दिसतं. महावीर, सांगा हिला."

महावीरअण्णा म्हंजी माझ्या शेजारच्या रानाचं जैन शेतकरी, लय सज्जन माणूस. त्यांनी आपली चिठ्ठी वाचली. "गुरुवार ता. वीस. दुपारी बारा ते रात्री बारा. आवं वैनी, सोपं हाय. माजं संपलं की तुमचं. माजं ताट तर दिस मावळायच्या आत पुसलेलं असतंय, रातीच्या बाराशी माजा काय संबंध न्हाई. पर रात म्हंजी गुरुवारची रात."

"आन अण्णा, तुमचं संपलं की मोटर काय करती?"

अण्णा आपली चिठ्ठी परत पयल्यापास्नं वाचाय लागलं.

मी मोटर चालवणाऱ्या अर्जुनाकडं वळले. "अर्जुना, तू सांग रं. बुधवारी दुपारी कुणाचं पाणी?"

"तात्याबाचं. रातीच्या बारापतुर."

"आन मग?"

"मग मोटर बंद करून मी घरला. गुरुवारी दुपारी बाराला अण्णाचं चालू. रातीला तुमचं..." एवढं बोलून अर्जुना थांबला आन डोस्कं खाजवाय लागला. "पर काकी, तवा तर मोटर बंद व्हायची हाय."

"मग बुधवारची रात सरून गुरुवारच्या दुपारपतुर पाणी कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई," अर्जुना म्हणाला.

आता कट्ट्यावर कोण हसंना. दाजी मातूर ताडकन उठलं. "कुणाचंच न्हाई कसं? त्येच अंबूचं! बुधवारी रात्री बाराला वीस तारीख लागती. वीस तारीख म्हंजी गुरुवार. ह्यात अवघड काय हाय?"

"आवं दाजी, गावात रातीला वार बदलतोय व्हय? आमचा गुरुवार कोंबडा आरवल्यावर येतो. सोमवारी निजलेला माणूस सोमवारीच कूस बदलतो."

"कायद्यानं तारीख बाराला बदलती."

"बदलू द्या की! पर तुमीच अण्णांच्या चिठ्ठीत गुरुवारची रात बारा शेवटाला लिवली, आन माझ्या चिठ्ठीत तीच रात बारा सुरवातीला. मदी अख्खे चोवीस तास गेले, आन नाव दोन्हीला एकच. अर्जुनानं कंचं धरायचं?"

दाजींनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. मिशीवरचा हात खाली आला. मग हळूच म्हणालं, "पलटणीत बारा असं कोण म्हणतच न्हाई. तेवीस एकुणसाठ म्हणत्यात, न्हाईतर शून्य शून्य शून्य एक. म्हंजी घोळ न्हाई."

"मग हितं का बारा लिवलं?"

"तुमास्नी शून्य कळायचं न्हाई म्हणून."

"बघा! आमास्नी शून्य कळंना, आन तुमास्नी बारा." आता मातूर कट्टा असा हसला, की देवळातली कबुतरं उडाली. मलाच वाईट वाटलं. त्यो माणूस पैसा न घेता गावाचं काम करतोय, आन मी चारचौघात त्येची शोभा केली. पर हळद माजी हुती, काय करू?

दाजींनी मुकाट्यानं टाक उचलला. माझ्या चिठ्ठीवर लिवलं, 'बुधवार मावळून गुरुवार उजाडायच्या आदीची रात, १२ वाजता.' अण्णांच्या चिठ्ठीवर, 'गुरुवार मावळल्यावर, १२ ला बंद.' अर्जुनाला दोन्ही दोन-दोनदा म्हणाय लावलं. मग म्हणालं, "ह्याच्या फुडं दोन्ही वार लिवल्याबिगर एक बी पाळी लागायची न्हाई."

बुधवारी रातीला मी कंदील, खोरं घिऊन साडेअकराला रानात गेले. बघती तर बांधावर कोण तरी बसलेलं. दाजी! फुडं खोरं, खांद्यावर टावेल, हातात घड्याळ.

"आवं, तुमी कवा आलासा?"

"नवाला."

"माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"माझ्यावर न्हाई," दाजी म्हणालं. "अंबू, कुणाला सांगू नगंस. चौसष्ट साली रजा संपवून परत चाललो हुतो. तिकीट धा तारखेचं, मिरजंवरनं, रात्री बारा वाजून धा मिंटं. मी धा तारखेला दिसभर आईपाशी बसलो, पोटभर जेवलो, आन रातीला मिरजंला गेलो. गाडी आदल्या रातीलाच गेलती. पलटणीत एक दिस उशिरा पोचलो, बाहीवरची एक फीत गेली. तुझ्या भैनीला सांगितलं, सायब खडूस हाय."

मला हसू बी आलं आन भरून बी आलं. "दाजी, येवढं सोसलासा, तरी चिठ्ठीत त्येच बारा लिवलं?"

"त्यानंच तर लिवलं," ते म्हणालं. "त्या रातीनं मला बारा असं पक्कं शिकवलं, की वाटलं, जगात सगळ्यास्नी कळलं असंल. मी शिकलो, पर तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं."

तेवढ्यात नदीवर मोटर घुरघुरली. अर्जुना टायमाला आलता. पाणी पाटात आलं, दाजींनी उठून पाटाची माती सारून पयलं दारं मोडलं, आन पाणी माझ्या हळदीत शिरलं.

जूनच्या पयल्या आठवड्यात मालकांचं पत्र आलं, 'ता. १२ ला रात्री १२ वाजता मिरजंला उतरतो. कुणाला तरी धाड.' दाजींनी पत्र दोनदा वाचलं आन म्हणालं, "अंबू, मी अकरा तारखेच्याबी रातीला जातो, आन बारा तारखेच्याबी." आन गेलं की खरंच, दोन्ही रातीला. मालक उतरलं दुसऱ्या रातीला. घरला आल्यावर पिशवी बी खाली ठेवली न्हाई, आदी रानात गेलं. हळद वीतभर वर आलती.