माळ्यावर सापडलेलं पातेलं

जुनं भांडं विकायला आणणारी माणसं माझ्या दुकानाची पायरी चढण्याआधी एक घोळ हमखास घालतात. भांडं घासून आणतात. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर ॲसिड लावून एका सकाळीत उतरवतात आणि लखलखीत गुलाबी भांडं माझ्यापुढे ठेवून भावाची वाट बघत उभी राहतात. मग मी तोंड उघडते आणि त्यांचं तोंड पडतं. हौशी गिऱ्हाईक त्या काळपटपणाचेच पैसे मोजतं, हे समजावून सांगता सांगता माझा घसा बसलाय. तोंडाने मी फटकळ आहे, असं आमचे हे म्हणतात. तेही याच दुकानात मागच्या बाजूला बसून कल्हई करतात, त्यामुळे त्यांना रोज ऐकावं लागतं.

म्हणून त्या मंगळवारी दोन बायका एक मोठं तांब्याचं पातेलं चादरीत गुंडाळून घेऊन आल्या आणि आतून काळंभोर, न घासलेलं भांडं निघालं, तेव्हा मला बरं वाटलं. दोघी जावा होत्या. थोरली उंच, ठसठशीत, बोलणं सगळं तिचंच. धाकटी साठीची, बारीक, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. दोघींचेही नवरे गेलेले. एकाच घरात वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहायच्या आणि जिन्यात भेटल्या तरच बोलायच्या, एवढं थोरलीच्या बोलण्यातून पहिल्या दोन मिनिटांत कळलं.

प्रकरण असं होतं. धाकटीला बसस्टँडसमोर जेवणाची गाडी लावायची होती. हाताला चव होती, आयुष्यभर सणाकार्याला पन्नास-पन्नास माणसांचा स्वयंपाक केलेला होता, पण गाडीला आणि शेगडीला भांडवल नव्हतं. विकण्यासारखं तिच्याकडे हे पातेलं तेवढं होतं. नवं हॉटेल सजवणाऱ्या एका माणसाने ते पाहिलं होतं. शंभर वर्षांपलीकडचं असेल तर गाडी, शेगडी आणि वर सहा महिन्यांचा किराणा येईल एवढी रक्कम तो द्यायला तयार होता. अट एकच, जुनं आहे असं मी सांगायचं. या बाबतीत तो माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

मग थोरली कशाला आली होती? तर पातेलं सासूबाईंच्या सासूबाईंचं, म्हणजे घराण्याचं, म्हणजे त्यात तिचा निम्मा वाटा. जितकं जुनं तितका वाटा पक्का. धाकटीलाही ते मान्य होतं. निम्म्यात शेगडी येईल, गाडीचं पुढे बघू, असं ती हळू आवाजात म्हणाली.

मी पातेलं दारातल्या उजेडात घेतलं. जुनं भांडं ओळखण्यात जादू काही नसते. आधी मी सांधा शोधते. पूर्वीचे कारागीर पत्रा वाकवून त्याच्या कडांना दाते पाडायचे, एकमेकांत अडकवायचे आणि पितळ वितळवून झाळायचे. त्यामुळे तांब्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत पिवळसर दातेरी रेघ राहते आणि तशीच एक बुडाभोवती. काजळीखाली ती दिसत नाही, म्हणून मी ओल्या फडक्याने एक पट्टी पुसली. रेघ नव्हती. पातेलं पूर्ण फिरवून चार ठिकाणी पुसलं. कुठेच नव्हती.

मग काठावरून अंगठा फिरवला. हाताने ठोकलेल्या भांड्याचा काठ कुठे जाड, कुठे पातळ लागतो. हा सगळीकडे सारखा होता. अंगावर ठोके होते, पण एका अंतरावर, एका मापाचे, शाळेतल्या मुलांना रांगेत उभं करावं तसे. हाताने ठोकणारा माणूस श्वास घेतो, सूर बदलतो, असे ठोके त्याच्या बापाला जमणार नाहीत. पितळी कड्यांचे रिवेट एकसारखे गोल. शेवटी पातेलं पालथं घातलं. बुडाच्या मधोमध बारीक खळगी आणि तिच्याभोवती एकात एक गोल रेषा. यंत्रावर पत्रा फिरवून, साच्यावर दाबून केलेलं भांडं.

माझा चेहरा थोरलीने वाचला असावा. काय झालं, असं तिने विचारलं. मी सांगितलं की भांडं मजबूत आहे, पत्रा चांगला जाड आहे, पण शंभर वर्षांचं नाही. त्याच्या निम्म्याचंही नाही. हौशी गिऱ्हाइकाला चालणार नाही. मोडीच्या भावापेक्षा थोडं जास्त येईल, इतकंच.

थोरली बिथरली. तिचं लग्न आधी झालेलं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, चाळीसेक वर्षांपूर्वी, धाकटी नवी सून असताना, भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, माळ्यावरून हे पातेलं काढलं तेव्हा त्यावर बोटभर धूळ होती. सासूबाई स्वतः म्हणाल्या होत्या, माझ्या सासूचं असेल, मला आठवत नाही. मग ती जरा पुढे सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "बाई, तुम्ही हो म्हटलंत तर तुमचं काय जातंय? त्या हॉटेलवाल्याला त्यात झाडच लावायचंय. आम्हा दोघींचं भलं होईल."

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात आलं, म्हणून टाकावं. धाकटी खाली मान घालून बसली होती. हो म्हटलं असतं तर त्या गाडीवर आठवड्याभरात चूल पेटली असती, आणि हॉटेलवाला पैशाने काही मरत नव्हता. पण माझ्या धंद्यात भांडी आज येतात नि उद्या जातात, टिकतो तो शब्द. तो एकदा मोडीत घातला की परत कल्हई होत नाही. मी नाही म्हटलं, आणि जरा तोडूनच म्हटलं, कारण मला स्वतःचाच राग आला होता.

धाकटीने चादर उचलली. मी पातेलं तिच्याकडे सरकवलं, तेव्हा बुडावर तिरपा उजेड पडला आणि खळगीच्या बाजूला मला एक चपटा, खरवडलेला ठिपका दिसला. नाण्याएवढा. मी पातेलं परत ओढून घेतलं आणि बॅटरी आडवी धरली.

कानशीचे ओरखडे होते ते. कुणीतरी तेवढीच जागा घासून काढली होती. का घासेल कुणी भांड्याचं बूड? ओरखड्यांच्या कडेला एक बारीक खूण उरली होती, दुभंगलेली, शेपटीसारखी. मी हाक मारून आमच्या ह्यांना बोलावलं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, मासा.

नदीपलीकडच्या कारखान्याचा छाप. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, मी सहावीत असताना, तो कारखाना सुरू झाला, तेव्हा आमच्या शाळेने आम्हाला बघायला नेलं होतं, आणि पुढे दहा-बारा वर्षांत बंद पडला. त्याच्या प्रत्येक भांड्याच्या बुडावर मासा असायचा. म्हणजे पातेलं चाळीसेक वर्षांपूर्वीचं. भावजींनी माळ्यावरून काढलं तेव्हा ते जुनं नव्हतंच. कोरं करकरीत होतं.

हे मी दोघींना सांगितलं. कुणाच्याही सासूचं नाही, विकत आणलेलं आहे. ज्याने आणलं त्याने छाप घासला, चुलीवर धरून काळं केलं आणि धुळीत लोळवलं. पुढची काजळी मात्र खरी, ती तुमच्या स्वयंपाकाची.

थोरली हिशोब करत असावी, की विकत आणलेलं म्हणजे घराण्याचं नाही, म्हणजे वाटा नाही. पण माझं लक्ष धाकटीकडे होतं. ती त्या खरवडलेल्या ठिपक्यावर बोट ठेवून बसली होती.

"पातेलं सापडलं त्या थंडीत हे चालत कामावर जायचे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणायचे. मी म्हटलं, बघा, बसचे चार पैसेसुद्धा यांच्या हातून सुटत नाहीत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात माणसं चौदा आणि पातेलं लहान. तिला दोनदा रांधावं लागायचं, आणि दुसऱ्या खेपेला घाईत मनगट भाजायचं. मोठं पातेलं हवं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, आमचं यातच भागलं. धाकट्या सुनेसाठी नवऱ्याने नवं भांडं आणलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. थंडी सरता सरता ते माळ्यावर "सापडलं". तिने त्यांना विचारलं होतं, एवढं मोठं इतकी वर्षं कुणाला कसं दिसलं नाही? ते म्हणाले, अंधार असतो तिथे.

"आयुष्यभर म्हणत आले," ती म्हणाली, "की या माणसाने मला कधी काही आणलं नाही. त्यांच्या तोंडावर म्हणायचे. ते हसायचे नुसते." आणि ती रडायला लागली. पदराने तोंडही झाकलं नाही, तशीच रडली, आणि रडता रडता हसत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी काजळीवर ढकललं.

थोरलीने पातेलं स्वतःकडे ओढून तो ठिपका पाहिला. मग म्हणाली, "आमच्या यांनी मला एक पळीसुद्धा आणली नाही गं. ना उजेडात, ना अंधारात."

धाकटीने तिचा हात धरला. जिन्यातच काय ते बोलणाऱ्या दोन बायका माझ्या दुकानात एकमेकींचे हात धरून बसल्या. मी मग कामाचं बोलले. सजावटीच्या दृष्टीने पातेल्याला किंमत नाही, पण रांधायला याच्यासारखं भांडं आज बाजारात घ्यायला गेलं तर डोळे पांढरे होतील. कुठे भोक नाही, डाग देऊन जोडलेलं नाही, कडी मूळची आहेत. फक्त आतली कल्हई उडून तांबं उघडं पडलंय. ती केल्याशिवाय यात काही शिजवू नका, आंबट तर मुळीच नाही.

विकायचं नाहीच आता, धाकटी म्हणाली. गाडी नसली तर नसली, घराच्या ओट्यावरून डबे देईन.

ओट्यावरून कशाला, थोरली म्हणाली. तिच्याकडे थोडी पुंजी होती, मुलगा सारखा मागत होता आणि त्याला द्यायची नव्हती. गाडी होईल त्यात. पण एक अट, चिराचिरी ती करणार आणि गल्ल्यावर तीच बसणार, कारण धाकटी उधारीला नाही म्हणू शकत नाही. धाकटी म्हणाली की चिराचिरी करा, पण मिठाला हात लावायचा नाही. त्यावर दोघींची तिथल्या तिथे जुंपली, आणि मला हायसं वाटलं.

आमच्या ह्यांनी भट्टी पेटवली. पातेलं तापवून, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवला, तसं काळवंडलेलं पोट पांढरं चकचकीत झालं. बाहेरून घासून देऊ का, असं त्यांनी सवयीने विचारलं. धाकटीने नको म्हटलं. मग बुडावरचा मासा नीट उठवून देता येईल का, असं थोरलीने विचारलं. कशाला, म्हणून मी तिच्याकडे बघितलं.

"असू दे तसाच," धाकटी म्हणाली. "त्यांनी घासलाय तो."

निघताना पातेलं जड झालं नव्हतं, तरी धाकटीला ते एकटीने उचलेना. थोरलीने दुसरं कडं धरलं. पायरी उतरताना ती म्हणत होती, जरा सावकाश, माझा गुडघा दुखतोय.