गोजरबाईंची दया

देऊळघाटात जब्बारची लिंबाची रोपं प्रसिद्ध होती आणि शेजारच्या गोजरबाईंची दया त्याहून जास्त. मध्ये काटेरी कुंपण होतं. दयेला जायला-यायला त्यात एक फट ठेवलेली होती.

त्या हिवाळ्याअखेर बुलढाण्याच्या साहेबाच्या बंगल्यावरून कुंड्यांत लावलेल्या लिंबाच्या रोपांची मागणी आली. नागपूरच्या सरकारच्या हुकमानं साहेब बदलत, बंगल्याची हौस तीच राही. जब्बार रोपांना उन्हाची सवय लावू लागला. आधी वरची सावलीची चटई काढून सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं जास्त, आणि पाणी बेतानं. लाडावलेलं रोप मोठ्या कुंडीत गेलं की मान टाकतं, हे त्याचं म्हणणं.

तो रोपांची गाडी घेऊन विकायला बाहेर पडला की दुपारी गोजरबाईंना रोपांची पानं किंचित लवलेली दिसत. "मुक्या जिवाले कायचा हा वनवास!" म्हणत त्या फटीतून येत, चटई ओढून देत आणि सढळ हातानं पाणी घालत. जब्बार यायच्या आत चटई पुन्हा गुंडाळलेली असे. पुण्य गुपचूप करावं, असं त्यांचं मत होतं.

पुढं जब्बारनं मुळांभोवतीचा मातीचा गोळा न मोडता, सांजेच्या गारव्यात, रोपं मोठ्या कुंड्यांत लावली. आधी सावलीत ठेवली, मग उन्हात मांडली. त्या दुपारी सगळी चिंधीसारखी लोंबत होती. जब्बार बायकोवर कडाडला.

"गौसिया! तूच पाणी घालत होती ना? रोज सांजच्याले माती ओली लागे मले!"

"म्या हात नाही लावला."

"मंग का भूत येऊन शिंपत होतं? बंगल्यावर काय नेऊ आता, पालापाचोळा?"

सगळी गल्ली ऐकत होती. गोजरबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. निवडलेलीच ज्वारी त्यांनी पुन्हा निवडली. गौसियाचा आवाज रडवेला झाला, तेव्हा सूप खाली ठेवून त्या फटीशी आल्या.

"जब्बारभाऊ, ते भूत मीच."

"तुमी? काऊन?"

"तहानलेले दिसत होते." हे बोलताना त्यांना स्वतःच्या पायांखेरीज कुठं बघवेना.

गौसियानं डोळे पुसले. "म्या पाह्यलं होतं, मावशी. मले वाटलं, हेच तुमाले पाणी घालाले सांगून गेले. आज समजलं. मंग म्हटलं, मावशी कवा बोलते ते पाहू."

"अन् मले काऊन नाही सांगितलं?" जब्बार म्हणाला.

"तुमी इचारलं कुठं? आल्याबरोबर निकालच देला."

जब्बारला गल्लीतली सगळी दारं एकदम उघडी दिसू लागली.

"आता पाहून काय राह्यले दोघं?" गौसिया म्हणाली. "कुंड्या सावलीत घ्या. पाणी मी सांगीन तवाच."

जब्बार आणि गोजरबाई एकाच कुंडीला वाकले. एकमेकांकडे न बघता त्यांनी ती उचलून भिंतीच्या सावलीपर्यंत नेली. जगतील ती रोपं जगतील. जब्बारनं आजवर बायकोला कधी कुंडीची जागा विचारली नव्हती. त्यानं घसा साफ केला.

"इथं ठेवू का, गौसिया?"